शून्यापासून सुरू होणारं नशीब

प्रश्न: गेममध्ये क्रिटिकल हिट आणि आयटम मिळणं खरंच नशिबावर असतं का? आरएनजी मॅनिप्युलेशन म्हणजे चीटिंगच ना?

त्या ‘च’साठी लिहितेय. वर्तकनगरला आत्याकडे गणपतीत हेच वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकतेय. म्हणणारा माझा आत्येभाऊ. दादा इंजिनिअर आहे, तरी म्हणतो.

पोकेमॉन एमरल्ड घ्या, कारण माझं भांडण त्यावरूनच झालं. गेमला ‘नशीब’ माहीत नाही. त्याच्याकडे एक आकडा असतो आणि त्यावरून पुढचा आकडा काढायचं एक सूत्र, हेच आरएनजी:

```
x = (0x41C64E6D * x + 0x6073) mod 2^32
```

या x चा वरचा अर्धा भाग, म्हणजे 0 ते 65535 मधली एक संख्या, गेम वापरतो. साध्या क्रिटिकलसाठी तिला 16 ने भागतो. बाकी शून्य उरली तर क्रिटिकल. आयटमसाठी 100 ने भागतो: जंगली पोकेमॉनकडे बाकी 45 च्या खाली असेल तर काही नाही, 45 ते 94 ला नेहमीची वस्तू, 95 ते 99 ला दुर्मिळ. झालं.

गंमत अशी की सेव्ह केलेला एमरल्ड चालू केला की x दर वेळी शून्यापासून सुरू होतो. रुबी आणि सफायर घड्याळावरून सुरुवात ठरवतात, एमरल्डमध्ये ते राहूनच गेलंय. त्यामुळे पहिले चार आकडे कायम 0, 59774, 21105, 12720. सोळाने भागून बघा, बाकी 0, 14, 1, 0. म्हणजे हल्ल्याच्या वाट्याला पहिला किंवा चौथा आकडा आला तर क्रिटिकल, दुसरा-तिसरा आला तर नाही. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या कार्ट्रिजमध्ये हेच. तुमच्या हातात उरतं ते फक्त बटण कधी दाबायचं, आणि ती वेळ साधणं म्हणजे आरएनजी मॅनिप्युलेशन. लढाईबाहेर फ्रेमगणिक, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रागणिक, एक आकडा खर्च होतो, सेकंदाला साधारण 59.73. आसपास कोणी पात्र फिरत असेल तर तेही मधेच आकडे खातं.

मला रेक्वाझा हा पोकेमॉन हवा होता, ॲडमंट स्वभावाचा, अटॅक आणि स्पीडचे जन्मजात आकडे दोन्ही 31, म्हणजे कमाल. स्काय पिलरच्या माथ्यावर त्याच्यासमोर सेव्ह केलं. तिथे फिरणारं कोणी नाही, हिशेब स्वच्छ राहतो. कुठल्या फ्रेमला कसा रेक्वाझा येतो याची यादी सूत्रावरून काढता येते, तीत मला हवा तसा कितव्या फ्रेमला आहे ते शोधलं. त्या आकड्याला 59.73 ने भागा, किती सेकंद थांबायचं ते कळतं. आत्याच्या हॉलमध्ये मोबाइलचा स्टॉपवॉच लावून बसले. आरतीला उठले नाही म्हणून बोलणीही खाल्ली.

पहिल्या वेळी मॉडेस्ट स्वभावाचा निघाला. मास्टर बॉल टाकून पकडला, आकडे पाहिले आणि यादीत शोधलं की असा रेक्वाझा कुठल्या फ्रेमला येतो. अडतीस फ्रेम उशीर, म्हणजे 0.64 सेकंद. हा उशीर सगळा बोटाचा नसतो. बटण दाबल्यावर आकडा उचलेपर्यंत गेम स्वतःही थोडा वेळ खातो, पण तो दर वेळी तेवढाच. म्हणून रिसेट करून पुढच्या वेळी तेवढं आधी दाबलं. मग चुकले ती तीन-चार फ्रेमनी. इथून पुढे मात्र एका सेकंदाच्या साठाव्या भागाची गोष्ट, तिथे गणित संपतं आणि बोट उरतं. अकराव्या खेपेला मिळाला, रात्री दीड वाजता.

दादाने बघितलं आणि म्हणाला, “कोड टाकलास.” कोड टाकणं म्हणजे मेमरीत जाऊन आकडा बदलणं. मी एकही आकडा बदलला नाही, गेमने जो दिला असता तोच घेतला, फक्त तो कधी येणार हे मला माहीत होतं. यात चीटिंग कुठे आहे ते अजून कोणी मला सांगितलेलं नाही.

हां, स्पर्धेत खेळत असाल तर आयोजकांचा नियम चालतो, माझं मत नाही. आणि ऑनलाइन गेममध्ये आकडा सर्व्हरवर पडतो, तिथे सुरुवातीचा आकडाही दिसत नाही आणि फ्रेमही मोजता येत नाही. ‘या वेळी बॉक्स उघडा, हमखास मिळेल’ म्हणून जे पैसे मागतात ते फसवतात. लढाईतला क्रिटिकल असा धरणंही रेक्वाझापेक्षा खूप अवघड, कारण तिथे आकडे दुप्पट वेगाने खर्च होतात आणि अचूकता वगैरेच्या तपासण्याही त्यातलेच आकडे घेतात.

बाकी दादाचं म्हणाल, तर गौरीच्या जागरणाला रमीत कोणी काय टाकलं, काय उचललं हे पान न् पान लक्षात ठेवून तो दर वर्षी सगळ्यांचे पैसे घेऊन जातो. आत्या कौतुकाने सांगते, याचं डोकं फार चालतं.