सोलर पॅनल धुण्याआधी युनिट लिहून ठेवा

दादा, सोलर पॅनल कधी धुवायचे हे कळायला आधी एकच सवय लावा, रोज संध्याकाळी सोलरच्या इन्व्हर्टरवर दिसणारे, दिवसभरात तयार झालेले युनिट लिहायचे. बिलावरच्या एक्स्पोर्टवर जाऊ नका, त्यात घरात वापरून उरलेलीच वीज दिसते, सगळे नवीन लोक इथेच फसतात. ३ किलोवॅटच्या सोलरला फेब्रुवारीच्या कडक उन्हात साधारण १२-१३ युनिट येतात, ते हळूहळू १०-११ वर आले की पॅनल धुवा आणि पुढच्या तशाच निरभ्र दिवसाशी ताडून बघा. वाढले तर धूळच होती, नाही वाढले तर वाढलेल्या झाडाची सावली बघा, तीही नसेल तर टेक्निशियनला बोलवा.

धुताना:
- सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी नको
- बोअरचं जड पाणी काचेवर वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात ते सहज निघत नाहीत
- मऊ मॉप घ्या, तारेची घासणी नको, पॅनलवर पाय तर अजिबात नको