माइल्ड स्टीलच्या आलेखात यील्ड, अल्टिमेट आणि फ्रॅक्चर कसे ओळखायचे?

प्रश्न: टेन्साइल टेस्टच्या आलेखावर हे बिंदू नेमके कुठे? आणि तुटण्याआधी स्ट्रेस कमी का दिसतो?

उत्तर: 10 मिमी व्यासाची सळई धरा, क्षेत्रफळ 78.5 चौ. मिमी. सुरुवातीची सरळ चढती रेघ म्हणजे इलॅस्टिक भाग. इथे लोड काढला की सळई मूळ लांबीवर येते. साधारण 20 किलोन्यूटनला काटा अडखळतो, किंचित मागे येतो, लांबी मात्र वाढतच राहते. हा यील्ड, सुमारे 255 मेगापास्कल. तोवर 50 मिमी गेज लांबी जेमतेम 0.06 मिमी वाढलेली असते, म्हणून एक्स्टेन्सोमीटर हवाच. क्रॉसहेडवरून मोजलं तर जबड्यातली घसरणही मिसळते आणि रेघ उगाच आडवी कलते.

पुढे आलेखाचा माथा, समजा 33 किलोन्यूटन, म्हणजे अल्टिमेट 420 मेगापास्कल. यानंतर एका जागी सळईची मान बारीक होते. लोड उतरतो, पण आपण भागतो मूळ 78.5 नेच, म्हणून स्ट्रेस घटल्यासारखा दिसतो. मानेतला खरा स्ट्रेस चढतच असतो. रेघ संपते तिथे फ्रॅक्चर: एक तुकडा वाटीसारखा, दुसरा शंकूसारखा.

ॲल्युमिनियमला असा अडखळा नसतो. तिथे 0.002 स्ट्रेनपासून इलॅस्टिक रेघेला समांतर रेघ ओढा. ती आलेखाला छेदते तो यील्ड.