त्रिकोणावरच्या डबल इंटिग्रलची ऑर्डर बदलताना लिमिट कशा काढायच्या?

प्रश्न: ∫ (x = 0 ते 1) ∫ (y = 2x ते 2) e^(y²) dy dx हे गणित आहे. ऑर्डर बदला असं सांगितलंय. मी लिमिटची अदलाबदल केली तर उत्तरात x तसाच राहतो. नव्या लिमिट नेमक्या काढायच्या कशा?

उत्तर: लिमिट उचलून इकडच्या तिकडे ठेवायच्या नसतात. त्यांच्यावरून त्रिकोण काढायचा, मग त्या बाजूला ठेवून फक्त चित्राकडे बघत नव्या लिहायच्या. तुमचा x उरतो तो यामुळेच: अदलाबदलीत 2x ही लिमिट बाहेर गेली. बाहेरच्या इंटिग्रलच्या लिमिट नेहमी निव्वळ आकडेच हव्यात.

आता चित्र. आत dy आहे, म्हणजे x धरून ठेवलाय आणि आपण उभ्या पट्टीवरून खालून वर चाललोय. पट्टीचं खालचं टोक y = 2x या रेषेवर, वरचं टोक y = 2 वर. ही पट्टी x = 0 पासून x = 1 पर्यंत सरकते. x = 0 ला तिची उंची 2 आहे, x = 1 ला 2x आणि 2 एकच होतात, म्हणजे उंची शून्य. त्रिकोणाचे कोपरे (0,0), (0,2) आणि (1,2).

इथे जरा थांबा, कारण बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं. लिमिटमध्ये 1 दिसला की x = 1 ही उभी रेषा काढली जाते आणि तिला त्रिकोणाची बाजू समजलं जातं. मग y = 2x च्या खालचा त्रिकोण रंगवला जातो. आपल्या त्रिकोणाचा मात्र x = 1 ला फक्त एक कोपरा टेकतो. डावी बाजू Y-अक्ष, वरची बाजू y = 2 आणि तिसरी ती तिरकी रेषा, बस.

ऑर्डर बदलायची म्हणजे आता आडवी पट्टी. एखादा y धरा, समजा y = 1. डावीकडून आत शिरताना x = 0 लागतो, उजवीकडे बाहेर पडताना तिरकी रेषा, तिथे 1 = 2x म्हणजे x = 1/2. कुठल्याही y साठी हेच: x = 0 ते y/2. तिरक्या रेषेचं समीकरण आता x = y/2 असं लिहायचं, कारण आत dx आहे आणि त्याच्या लिमिटमध्ये फक्त y चालतो. त्रिकोणाचा सगळ्यात खालचा बिंदू y = 0 वर, सगळ्यात वरचा y = 2 वर.

```
∫(y=0 ते 2) ∫(x=0 ते y/2) e^(y²) dx dy
= ∫(y=0 ते 2) (y/2) e^(y²) dy
= (1/4) [e^(y²)], y = 0 ते 2
= (e⁴ − 1)/4 ≈ 13.4
```

एवढा खटाटोप कशासाठी, ते दुसऱ्या ओळीत दिसतं. e^(y²) चं इंटिग्रल नेहमीच्या फंक्शनमध्ये लिहिताच येत नाही, त्यामुळे दिलेल्या ऑर्डरने पहिल्याच पायरीला गाडी अडते. ऑर्डर बदलल्यावर पट्टीची लांबी y/2 बाहेर आली, आणि y² चं डेरिव्हेटिव्ह 2y असल्यामुळे u = y² ठेवून काम झालं. चुकून खालचा त्रिकोण घेतला असता, तर (1 − y/2) e^(y²) आलं असतं आणि त्यातला सुटा e^(y²) पुन्हा आडवा आला असता.

लिमिट तपासायला e^(y²) च्या जागी 1 ठेवून क्षेत्रफळ काढा असं सांगतात. या गणितात ती तपासणी फसवी आहे. वरचा आणि खालचा त्रिकोण मिळून 1 × 2 चा आयत होतो, म्हणून दोघांचंही क्षेत्रफळ 1 येतं आणि चूक लपून राहते. त्यापेक्षा x ठेवून बघा. मूळ ऑर्डरने ∫ (0 ते 1) x(2 − 2x) dx = 1/3. नव्या लिमिटने ∫ (0 ते 2) y²/8 dy = 1/3, जुळलं. खालच्या त्रिकोणाने 2/3 आलं असतं.

हा त्रिकोण सरळ निघाला कारण त्याची एक बाजू उभी आणि एक आडवी आहे. कोपरे (0,0), (2,0), (1,1) असतील तर आडव्या पट्टीने x = y ते 2 − y असं एकच इंटिग्रल पुरतं, पण उभी पट्टी घेतली की x = 1 च्या पुढे तिचं वरचं टोक y = x सोडून y = 2 − x वर जातं. मग दोन तुकडे करावेच लागतात: x = 0 ते 1 मध्ये y = 0 ते x, आणि x = 1 ते 2 मध्ये y = 0 ते 2 − x. उलट, परीक्षेत अशी दोन इंटिग्रलची बेरीज दिली असेल, तर दोन्ही तुकडे एकाच चित्रात काढा. बहुतेक वेळा आडव्या पट्टीने ती एका इंटिग्रलमध्ये बसते.