जादा गणिताऐवजी चित्रकला: बाईंना पत्र लिहिताना

जादा गणिताऐवजी चित्रकलेला बसू द्या, असं बाईंना लिहितोयस, तर पत्रातलं 'गणित आवडत नाही' हे वाक्य आधी खोड. बाई तिथेच अडकतील. सरळ लिही: 'शनिवारी जादा गणित आणि चित्रकला एकाच वेळी येतात. मी यंदा इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसतोय, म्हणून चित्रकला निवडली.' त्या परीक्षेत स्थिरचित्राबरोबर भूमितीही असते, हे जरूर सांग. म्हणजे कंपासपेटी काही सुटत नाही! ए ग्रेडला दहावीत मिळणाऱ्या 7 वाढीव गुणांचा उल्लेख शेवटी, एका ओळीत. सुरुवातीलाच गुण काढलेस तर पत्र सौद्यासारखं वाटतं.

गणिताचं काय, हे बाई विचारणारच. 'मेहनत करीन' एवढ्याने भागत नाही. 'दर बुधवारी मधल्या सुट्टीत सोडवलेली उदाहरणं दाखवीन' असं लिही. खाली आईची किंवा बाबांची सही घे.