शनिवारी वॉर्ड सोडण्याआधी

प्रिय डॉक्टर,

शनिवारी तुझी डीआरपी, जिल्हा रुग्णालयातली पोस्टिंग, संपतेय. तीन महिन्यांत फिमेल मेडिकल वॉर्डातल्या बायका तुला ‘आमच्या मॅडम’ म्हणायला लागल्या, हे मी राउंडला ऐकलंय. म्हणूनच निरोप कसा घ्यायचा ते आज लिहिते आहे.

आधी सात नंबरच्या कॉटवरची मुलगी. टीबी मेनिन्जायटिस, वजन 50 किलो. तिचं डेक्सामेथासोन तू 0.4 मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे दिवसाला 20 मिग्रॅने सुरू केलंस. या आठवड्यात 15 चालू आहे. सोमवारी 10 व्हायला हवं, पुढच्या सोमवारी 5, मग तोंडाने 4 मिग्रॅच्या गोळ्या आणि दर आठवड्याला 1 मिग्रॅ कमी. हे सगळं आत्ता तुझ्या डोक्यात आहे आणि तू शनिवारी जाणार. सोमवारी नवीन रेसिडेंट येईल, वॉर्ड भरलेला असेल, आणि तो प्रत्येक फायलीत ‘सीटी ऑल’, आधीचं सगळं तसंच चालू, एवढं लिहून पुढे जाईल. म्हणजे 15 तसंच चालू राहील, शुगर चढेल. किंवा पुढे कधीतरी कुणी इंजेक्शन एकदम बंद करेल. मग दोन-तीन दिवसांत पुन्हा डोकेदुखी, ओकाऱ्या, गुंगी. बीपी खाली आलं, सोडियम कमी झालं तर स्टेरॉइड अचानक तुटल्याची शंका आधी घ्यायची. पण फायलीत तारखा नसतील तर ती शंका येणार कुणाला? टीबीच्या औषधांना दाद मिळत नाही असं समजून भलत्याच दिशेने तपासण्या सुरू होतात.

म्हणून आठही आठवड्यांचे डोस तारखांसकट फायलीच्या पहिल्या पानावर लिही. तेच इन्चार्ज सिस्टरना त्यांच्या पाळी बदलतानाच्या ओव्हरच्या वहीत उतरवून घ्यायला सांग. रेसिडेंट बदलतात, सिस्टर तिथेच असतात. शुक्रवारी सकाळी ओव्हर चालू असताना सात नंबरपाशी स्वतः उभी राहा. पाठीतलं पाणी कल्चरला गेलंय, त्याचा रिपोर्ट यायला सहा आठवडेही लागू शकतात. तो तुझ्या मोबाइलवर येऊन उपयोग नाही. लॅबच्या फॉर्मवरचा तुझा नंबर काढून युनिटचा घालायला सांग.

आता तिची आई. तिला शनिवारी जाता जाता सांगू नकोस, आजच सांग. तू गेल्यावर कळलं तर नातेवाईक घाबरतात. ‘मॅडम गेल्या, आता इथे कोण बघणार’ म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डामा घेतात आणि पेशंट गावी नेतात. या मुलीला ते परवडणारं नाही. नवीन डॉक्टर आधी येऊ शकत असतील तर त्यांना कॉटपाशी नेऊन ओळख करून दे, आईच्या देखत पूर्ण हिस्ट्री सांग. ते जमलं नाही तर युनिटच्या सरांना घेऊन जा. आईला दिसलं पाहिजे की पोरीचं सगळं दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक आहे.

ती तुझा नंबर मागेल. देऊ नकोस. तुला हे कठोर वाटेल, मला माहीत आहे. पण घरी गेल्यावर रात्री मुलगी बडबडायला लागली तर आई आधी तुला फोन लावेल, तू दुसऱ्या शहरात ओटीत किंवा आयसीयूत असशील, आणि कॅज्युअल्टीला निघण्याऐवजी ती तुझ्या फोनची वाट बघेल. त्यापेक्षा डिस्चार्ज कार्डासोबत मराठीत लिहून दे: ओपीडीचा वार, युनिट, वॉर्डाचा फोन, आणि कोणत्या तक्रारीला थेट कॅज्युअल्टी गाठायची ते. निक्षय आयडीही लिही, म्हणजे तालुक्याला टीबीची औषधं मिळताना अडणार नाही.

स्टाफचा निरोप बहुतेक जण सकाळच्या पाळीत केक कापून उरकतात. रात्रपाळीच्या सिस्टर, मामा, मावशी राहून जातात. तीनच्या सुमाराला पेशंटने नळी उपसली तेव्हा तुझ्याबरोबर हात धरणाऱ्या त्याच होत्या. गुरुवारी रात्री नऊनंतर एक चक्कर मार. नाव घेऊन, कुणी काय केलं ते आठवून आभार मान.

आणि अपुऱ्या फायली. मृत्यूचे सारांश, न लिहिलेली डिस्चार्ज कार्डं, जन आरोग्य योजनेच्या कागदांवरच्या राहिलेल्या सह्या. तू गेल्यावर नातेवाईक त्यासाठी खिडकीशी येतात आणि बोलणी खातात सिस्टर. इन्चार्ज सिस्टरना विचार, ‘माझं काय काय अडलंय?’ त्या यादी काढतील. बुधवारी दुपारी बसून ती संपव, लॉगबुकवरची सही त्यानंतर घे.

सोमवारी राउंड आटोपला की नवीन रेसिडेंटला एक फोन कर आणि एवढंच विचार: सात नंबरचं डेक्सा 10 झालं का?

तुझी,
मॅडम