मालकाच्या घरचाच माणूस त्रास देत असेल तर

प्रश्न: आमच्या दुकानात आम्ही सात जण आहोत. मालकाचा मुलगा त्रास देतो. समिती वगैरे काही नाही. घरचे म्हणतात, नोकरी सोडून दे. दुसरा काही मार्ग असतो का?

असतो. जिल्ह्याची स्थानिक समिती. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे, त्यात तुमच्यासारख्या दुकानांसाठीच ही सोय केलेली आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. माणसं कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती स्थानिक समितीकडे जाते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा.

आता "घरचे म्हणतात, नोकरी सोडून दे" याबद्दल. माझा दादाही हेच म्हणाला होता आणि त्या वाक्याशी माझं भांडण जुनं आहे.

मी तालुक्याच्या गावी एका कृषी सेवा केंद्रात टॅलीवर बिलं करायचे. दुकान दोघा भावांचं. थोरले अण्णा गल्ल्यावर, धाकटे शेठ खरेदी आणि गोडाऊन बघायचे. अण्णांच्या बायकोला सगळे काकू म्हणायचे, दुपारचा चहा त्यांच्या घरून यायचा. "तू घरातलीच आहेस" हे मला पहिल्या दिवसापासून ऐकवलं गेलं. घरातलीच म्हणून पगार रोख, नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीपत्रक नाही, आणि खरिपात रात्री उशिरापर्यंत थांबायचं.

धाकट्या शेठचं सुरू झालं ते मेसेजपासून. "जेवलीस का", "झोपली नाहीस अजून". मी उत्तर देणं बंद केल्यावर बिल बघायच्या निमित्ताने खुर्चीमागे येऊन पाठीवर हात. मग स्टॉक मोजायला मला एकटीलाच गोडाऊनमध्ये बोलावणं. तिथे एकदा त्यांनी माझा हात धरला, मी ओरडले तेव्हा हमाल आत आला. मी अण्णांना सांगितलं. अण्णा गप्प बसले आणि संध्याकाळी काकूंचा फोन आला, "घरातली गोष्ट घरात मिटवू, बाहेर गेली तर तुझंच लग्न अडेल." दादाचंही तेच. नोकरी सोड, दुसरी मिळेल, नाव निघायला नको.

या सल्ल्यात गृहीत धरलेलं असतं की एक तर नोकरी सोडायची, नाहीतर तक्रार करायची. कायद्यात असं काही नाही. नोकरी सोडल्यावरसुद्धा तक्रार करता येते. मुदत एकच आहे, घटनेपासून तीन महिने. प्रकार सतत चालू असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. "आधी सोड, मग शांतपणे बघू" असं म्हणता म्हणता हीच मुदत निघून जाते, आणि सल्ला देणाऱ्यांना ती माहीतही नसते.

मी अर्ज घेऊन जिल्ह्याला गेले तेव्हा टेबलावरच्या माणसाने वर न बघताच सांगितलं की हे पोलीस स्टेशनचं काम, इथे घेत नाहीत. मी कलम 6 ची छापील प्रत पुढे ठेवली आणि म्हटलं, घेत नसाल तर तसं लिहून द्या. अर्ज घेतला गेला. पोच मागून घेतली, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासकट. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय उठू नका, कारण मुदत पाळल्याचा तोच पुरावा असतो. अर्जाच्या सहा प्रती लागतात, सोबत पुराव्यांच्या प्रती आणि साक्षीदारांची नावं-पत्ते.

आमच्या शेठचा पहिला बचाव काय होता, तर ही आमची नोकरदारच नाही. घरोब्याची मुलगी, मदतीला यायची. घरगुती धंद्यात हा बचाव हमखास येतो, त्यामुळे त्याची तयारी आधीच करा. कायद्यात कर्मचारी या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. रोजंदारीवरची, तात्पुरती, शिकाऊ, अगदी बिनपगारी काम करणारी बाईसुद्धा त्यात येते. नेमणुकीचं पत्र नसलं म्हणून अडत नाही, तुम्ही तिथे काम करत होता एवढं दिसलं पाहिजे. माझ्याकडे टॅलीतल्या माझ्या लॉगिनने केलेल्या बिलांच्या प्रती होत्या, अण्णांनी एकदा पगाराची उचल मोबाइलवर पाठवली होती ती नोंद होती, आणि "उद्या लवकर ये, युरियाची गाडी आहे" असे त्यांचे कितीतरी मेसेज होते. समितीने तो बचाव ऐकून बाजूला ठेवला.

छळाच्या पुराव्याचं म्हणाल तर मेसेज पुसू नका, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, सगळं संभाषण एक्स्पोर्ट करून कुणा विश्वासाच्या माणसाला ईमेल करा आणि मूळ फोन विकू नका. दुकानात कॅमेरे असतील तर अर्जातच तारीख-वेळ देऊन चित्रण जपून ठेवायला सांगावं अशी विनंती करा, कारण जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवं चढतं. माझ्या बाबतीत गोडाऊनमध्ये कॅमेरा नव्हता. तो हमाल साक्षीला आला. त्याची नोकरी त्याच दुकानात होती, तरी आला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

चौकशी कोर्टासारखी नसते. वकील कुणालाच आणता येत नाही, आमचे शेठ घेऊन आले होते, त्यांना बाहेर बसवलं. शेठ सुरुवातीच्या तारखांना आलेच नाहीत. लागोपाठ तीन तारखांना सबळ कारणाशिवाय कुणी गैरहजर राहिलं तर आधी पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन समिती एकतर्फी निर्णय देऊ शकते, हे कळवल्यावर आले. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. आमची लांबली. चौकशी चालू असताना समितीच्या शिफारशीवरून तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मिळू शकते. बदली हाही उपाय कायद्यात आहे, पण एकाच दुकानात बदली करणार कुठे? म्हणून रजाच मागा, आणि अर्जातच लेखी मागा.

मध्येच काकू आमच्या घरी आल्या. पाकीट आईच्या हातात द्यायला बघत होत्या, वर "समितीपुढे तडजोड झाली असं सांग" म्हणाल्या. तडजोडीची सोय कायद्यात आहे, पण ती फक्त तक्रार करणाऱ्या बाईच्या मागणीवरून होते आणि पैसे हा तिचा पाया असू शकत नाही. एकदा तडजोड नोंदली गेली की पुढची चौकशी थांबते. पाकिटाची घाई कशासाठी होती ते यावरून समजा. आईने ते परत केलं.

शेवटी अहवाल माझ्या बाजूने आला. लेखी माफी आणि नुकसानभरपाई. शेठ रक्कम देईनात, तेव्हा जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते हे जिल्हा अधिकाऱ्यांकडून कळवलं गेलं आणि रक्कम जमा झाली. नोकरी मी तोवर सोडली होतीच. त्या खुर्चीत परत बसायची माझी इच्छा नव्हती, आणि ते मी ठरवलं.

दादा म्हणत होता नाव निघेल. तक्रारदार, साक्षीदार, ज्याच्यावर आरोप आहे तो, कुणाचंच नाव-पत्ता प्रसिद्ध करता येत नाही, चौकशीतला मजकूरही नाही. कलम 16. गावात कुजबुज झाली, नाकारत नाही. पण ती काकूंनीच सुरू केली होती, मी तक्रार करायच्या आधी. गप्प राहिले असते तर गावात फक्त त्यांचीच बाजू फिरली असती. दादाला मी हे तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगते.

पोलिसांचा मार्ग वेगळा आणि तो समितीच्या जोडीने चालतो, एक निवडला म्हणून दुसरा बंद होत नाही. अंगाला हात लावला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 74 किंवा 75 लागू शकतं, पाठलाग किंवा नको असताना सतत मेसेज असतील तर 78. तिथे तीन महिन्यांची अट नाही. जबरदस्तीचा प्रकार असेल तर समितीची वाट न बघता आधी पोलीस स्टेशन, जवळचं कुठलंही. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

स्थानिक समित्या सगळीकडे नीट चालतात असा माझा दावा नाही. काही ठिकाणी त्या कागदावरच होत्या, म्हणून तर गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर 2024 मध्ये राज्यांना मुदत घालून द्यावी लागली, की प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा, समिती स्थापन करा, तालुक्या-तालुक्याला समन्वय अधिकारी नेमा. त्यामुळे आता तक्रार तालुक्यातही देता यायला हवी, त्या अधिकाऱ्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर (shebox.wcd.gov.in) अर्ज भरता येतो. अर्ज कसा लिहावा हे सुचत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

हा 2013 चा कायदा फक्त स्त्रियांसाठी आहे. तुम्ही पुरुष असाल तर ही समिती तुमची तक्रार घेणार नाही, पोलिसांचा आणि कामगार कार्यालयाचा मार्ग बघावा लागेल. तुम्ही काय आहात ते प्रश्नात लिहिलेलं नाही. थकलेल्या पगारासाठीही कामगार कार्यालयच, समिती तो हिशेब करत नाही.

आणि सात जण म्हणता, त्यात हमाल, ड्रायव्हर, अर्धवेळ येणारी झाडूवाली मावशी धरली आहे का? दहाच्या मोजणीत रोजंदारीवाले आणि कंत्राटीही येतात. दहा भरत असतील तर समिती न नेमल्याबद्दल मालकालाच पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अर्जात तेही लिहा. हा मुलगा दुकानाचा कारभार बघत असेल, माणसांवर हुकूम चालवत असेल, तर कायद्याच्या व्याख्येने तोही मालकच धरला जाऊ शकतो. म्हणजे दहा भरले तरी अर्ज स्थानिक समितीकडेच द्या आणि त्याच्याकडे कोणती कामं असतात ते पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा.