आलापाकडे परत जाणारी पाऊण तासाची यादी

प्रश्न: सकाळी घरी पाऊण तास आसनं आणि ध्यान करते. सुरुवात संथ होऊन शेवटी गाढ विश्रांतीपर्यंत नेतील अशी गाणी क्रमाने सांगाल का?

माझी पहिली यादी फसली होती, तिथून सुरुवात करतो. बासरीचा एक अख्खा राग लावला होता. आलाप सुंदर चालला होता, आसनं झाली, शवासनात पडलो आणि नेमकी तेव्हाच द्रुत गत सुरू झाली. तबला भरधाव, मी जमिनीवर आणि पायाचा अंगठा तालात हलतोय! आपलं रागसंगीत संथ आलापातून निघून वेगाकडे चढत जातं. तुम्हाला नेमकं उलटं हवंय. म्हणून अख्खं रेकॉर्डिंग न लावता त्याचे तुकडे वापरायचे आणि शेवटी पुन्हा आलापाकडे यायचं.

माझी सध्याची सकाळची मांडणी अशी. पहिली पाच मिनिटं डोळे मिटून बसणं. त्याला अहिर भैरवाचा बासरीवरचा आलाप, तबला नको. कुठल्याही चांगल्या वादकाचा चालेल, मी हरिप्रसाद चौरसियांचा लावतो. तबला कितव्या मिनिटाला येतो हे आधी एकदा ऐकून लिहून ठेवा, म्हणजे तुकडा कुठे तोडायचा ते कळेल.

पुढची वीस मिनिटं आसनांची. इथे ठेका चालतो, पण विलंबित किंवा फार तर मध्य लय. लय चढली की आपण श्वासाचं भान सोडून तबल्यामागे धावू लागतो. सूर्यनमस्कार तालात पडायला लागले की समजावं, लय जास्त झाली. १९६७ साली आलेला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (शिवकुमार शर्मांचा संतूर, चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार) याच भागात बसतो. धनगराचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत, अशी त्याची कल्पना आहे. पण बरेच जण तो शवासनाला लावतात, तिथे मात्र तो नको, कारण त्यात तबला आहे.

पंचविसाव्या मिनिटाला ठेका संपवायचा आणि रुद्रवीणा लावायची. पश्चिमोत्तानासन किंवा बसून केलेल्या ध्यानाला झिया मोहिउद्दीन डागरांच्या आलापासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. (पनवेलजवळच्या पळस्प्याला त्यांचं गुरुकुल होतं.) खर्जातला एक स्वर मिंडेने खाली उतरतो आणि विरेपर्यंत पुढचा येत नाही. फक्त पहिली दहा मिनिटंच घ्या, कारण पुढे जोड आणि झाला येतो, म्हणजे पुन्हा वेग.

शेवटची दहा मिनिटं शवासन. इथे गाणं नाही, धूनही नाही, नुसता तानपुरा. धून असली की मन पुढच्या स्वराची वाट बघतं. शब्द असले तर आणखी पंचाईत, पाठ असलेला अभंग लागला की मी मनातल्या मनात टाळ धरतो. तानपुरा कंटाळवाणा वाटत असेल तर मार्कोनी युनियन या ब्रिटिश बँडचं ‘वेटलेस’ लावून बघा. आठेक मिनिटांचं आहे, आणि ठोके मिनिटाला ६० पासून सुरू होऊन ५० पर्यंत उतरतात. मला स्वतःला तानपुराच बरा.

या दहांतली शेवटची दोन मिनिटं पूर्ण शांतता ठेवा. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वेगवेगळ्या लयींचं संगीत ऐकवलं, आणि मध्येच दोन मिनिटांचा विराम ठेवला. लय वाढली की श्वास आणि नाडीही वाढत होती, आणि त्या विरामात मंडळी संगीत सुरू होण्यापूर्वी होती त्यापेक्षाही शिथिल झाली. मी तानपुरा एकदम तोडत नाही, अर्ध्या मिनिटात हळूहळू विरू देतो. एकदम थांबला तर त्यानेच डोळे उघडतात.

यादी जोडताना सर्वात जास्त खटकतो तो षड्ज. मोठी बासरी बहुतेक वेळा पांढरी तीनची असते, रुद्रवीणेचा सा पुष्कळ खाली. दोन्ही एकात एक मिसळले तर कानाला बेसूर लागतं. त्यामुळे बासरी आणि वीणेच्या मध्ये दहा-पंधरा सेकंद रिकामे सोडा, क्रॉसफेड बंद ठेवा. शेवटचा तानपुरा मात्र वीणेच्याच सा वर लावा. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर सूर एकेक पट्टी वरखाली करत वीणेबरोबर वाजवून बघितला की जुळतो.

आवाजही प्रत्येक टप्प्याला थोडा उतरवा. तुकडे आधीच एका फाइलमध्ये जोडून फोनवर उतरवून घेतलेत तर उत्तम, नाहीतर शवासनात प्रेशर कुकरची जाहिरात ऐकावी लागते. आमच्याकडे ती ऐकून आई स्वयंपाकघरातून विचारत होती, “काय रे, कितवी शिट्टी?”